'निष्णात' म्हणजे न न्हालेला नव्हे

पत्र : सर, मी दोन वर्षांपासून तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. समानार्थी-विरुद्धार्थीच्या याद्या पाठ आहेत, पण पेपरात नेमका यादीबाहेरचा शब्द येतो. अभ्यासिकेतला मित्र म्हणाला, उपसर्ग आणि मूळ शब्द तोडून बघ, अर्थ कळतो. तसं केलं. 'निष्णात' म्हणजे आंघोळ न केलेला, 'अनुदार' म्हणजे मागाहून आलेला, 'नीरव' म्हणजे पाण्याचा आवाज असं धरलं. तिन्ही चुकली. 'नीरद' आणि 'नीरधी' यांत तर नेहमीच गोंधळ होतो. पद्धतच चुकीची आहे की मी कुठे चुकतोय?
— एक परीक्षार्थी, परभणी

उत्तर :

पत्र वाचून हसलो, पण तुम्हाला नाही. मी पहिल्यांदा अशा परीक्षेला बसलो तेव्हा 'पादप' म्हणजे पायताण असं ठोकून आलो होतो. पाद म्हणजे पाय, एवढं बरोबर धरलं होतं. पुढच्या 'प'कडे बघितलंच नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

मित्राने सांगितलेली पद्धत खरी आहे. तुमची सुरीही धारदार आहे, फक्त ती सांध्यावर न पडता हाडावर पडते. तुमचेच तीन शब्द घेऊ, कारण तिन्हींत चूक वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

'निष्णात'मध्ये तुम्हाला 'स्नात' दिसला, हे कौतुकाचं. तो तिथे आहेच. पदवीधराला 'स्नातक' म्हणतात ना, तोच हा न्हालेला. गुरुकुलातलं शिक्षण संपलं की विधिपूर्वक स्नान व्हायचं, त्यावरून स्नातक. चूक झाली ती त्याच्या आधीच्या तुकड्यात. तिथे 'नाही' सांगणारा 'निस्' नाही, नुसता 'नि' आहे, म्हणजे आत, खोलवर. एखाद्या विद्येत खोल बुडी मारून न्हालेला तो निष्णात. कौशल्याचा अर्थ असेल तेव्हाच इथे 'स'चा 'ष' होतो, असं पाणिनीने खास सूत्र करून ठेवलंय. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही हा शब्द जरा वेगळाच वाटत होता.

मग परीक्षेच्या हॉलमध्ये 'नि' कोणता आणि 'निस्' कोणता हे ओळखायचं कसं? 'निष्'च्या पुढचं अक्षर बघा. पुढे क, प किंवा फ असेल तर तो निस् आहे : निष्कपट, निष्काम, निष्पाप, निष्फळ. पुढे ण किंवा ठ असेल तर तो निस् नाही. म्हणून 'निष्णात' आणि 'निष्ठा' यांत नकार शोधायचा नाही. मूळ शब्द 'स'ने सुरू होत असता आणि खरोखर नकारच असता, तर आपण 'निःस' किंवा 'निस्स' लिहिलं असतं, जसं निःसंशय, निस्सीम. आणखी एक खोच आहे. निस्-निर् यांचा मूळ अर्थ 'बाहेर' असा आहे, 'शिवाय' हा अर्थ त्यातूनच आला. निष्कर्ष म्हणजे ओढून बाहेर काढलेलं सार, निर्यात म्हणजे बाहेर गेलेला माल. तिथेही 'नाही' लावत बसलात की घसरलात.

'अनुदार'मध्ये तुम्ही 'अनु' वेगळा काढलात. दार मागे उरलं, आणि ते मराठीत घरोघरी असल्यामुळे तुम्हाला शंकाही आली नाही. इथे तोड एक अक्षर अलीकडे हवी : अन् + उदार. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी नकाराचा 'अ' हा 'अन्' होतो. अनादर, अनिष्ट, अनेक यांत तो लगेच दिसतो. पण पुढचा शब्द 'उ'ने सुरू झाला की अन् आणि उ मिळून हुबेहूब 'अनु' दिसतो, आणि पेपर काढणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. अनुचित, अनुत्तीर्ण, अनुपस्थित, अनुपम हे सगळे या वेषांतरातले.

म्हणून 'अनु' दिसला की आधी 'अन्' तोडून बघायचं आणि उरलेला 'उ'कारी शब्द आपल्या ओळखीचा आहे का ते विचारायचं. उचित, उत्तीर्ण, उपस्थित, उपमा हे ओळखीचे आहेत, म्हणजे नकार. 'अनुकरण'मधून 'उकरण' उरतं, 'अनुराग'मधून 'उराग'. असे शब्द नाहीत, म्हणजे तिथे खरा 'अनु', अर्थ 'मागोमाग, त्याला धरून'. अनुराग म्हणजे प्रेम, त्याचा विरुद्धार्थी 'राग' असं समजून पर्याय निवडणारी मुलं मी दर बॅचला बघतो. संस्कृतात राग म्हणजेच रंग, ओढ, प्रेम. संतापाचा अर्थ आपल्या मराठीने दिलाय. विरुद्धार्थी हवा असेल तर विराग किंवा द्वेष.

हीच फसवणूक 'अप'मध्ये होते. अपयश, अपमान, अपकीर्ती यांत 'अप' आहे, वाईट किंवा दूर या अर्थाने. पण अपार म्हणजे अ + पार, अपूर्व म्हणजे अ + पूर्व, अपरिमित म्हणजे अ + परिमित. 'अपूर्व'ला 'अप' लावून तो वाईट ठरवलात तर एखाद्याच्या अपूर्व यशावर पाणीच फिरवलंत.

राहिला 'नीरव'. इथे तुमची चूक क्षम्य आहे, कारण नीर म्हणजे पाणी हे शंभर टक्के खरं. फक्त या शब्दात पाणी नाही. निर् + रव. रव म्हणजे आवाज, 'कलरव'मधला तोच. 'र्'पुढे पुन्हा 'र' आला की पहिला गळतो आणि मागचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो, म्हणून निर्-रव चा नीरव. नीरस हाही असाच, निर् + रस. तेव्हा 'नीर' दिसलं की दोन्हीकडून तोडा. निर् काढून मागे रव, रस असा 'र'चा अर्थपूर्ण शब्द उरतो का? उरला तर नीरव म्हणजे निःशब्द, शांत. 'नीर' काढल्यावर मागे ज, द, धी अशी एकअक्षरी शेपटी उरते का? तर मग पाणी.

आणि ही शेपटीच समानार्थी शब्दांची किल्ली आहे. विरुद्धार्थी शब्दात डोकं बघायचं, समानार्थीत शेपूट. पाण्याला आपल्याकडे नावं भरपूर : जल, नीर, अंबु, तोय, पय, वारि. (या शेवटच्या 'वारि'चा पंढरीच्या वारीशी संबंध नाही.) या सहांपुढे तीन शेपट्या लागतात. 'ज' हा जन् धातूचा, म्हणजे जन्मलेला. 'द' हा दा धातूचा, देणारा. 'धी' हा धा धातूचा, ठेवणे, साठवणे. 'निधी'त तोच आहे. पाण्यात जन्मलं ते कमळ : जलज, नीरज, अंबुज, वारिज. पाणी देतो तो ढग : जलद, नीरद, अंबुद, तोयद, पयोद, वारिद. पाणी साठवतो तो समुद्र : जलधी, नीरधी, अंबुधी, पयोधी, वारिधी. पाण्याचं नाव कोणतंही येवो, उत्तर शेवटचं अक्षर ठरवतं. तीन अक्षरं लक्षात ठेवलीत की वीसेक शब्दांची घोकंपट्टी वाचते, आणि यादीबाहेरचा 'तोयधी' आला तरी घाम फुटत नाही.

या कुटुंबातले एक घराणं जरा वेगळं आहे. 'अप्' म्हणजेही पाणी. त्याचे तसेच तीन शब्द झाले : अब्ज, अब्द, अब्धी. अब्धी समुद्रच राहिला. अब्ज कमळ होतं, पण मराठीत तुम्ही ते शंभर कोटींसाठीच ऐकलं असणार. अब्द ढगही होता आणि वर्षही. ढग विसरला गेला, वर्ष मात्र 'शताब्दी'त टिकलं. तेव्हा प्रश्नात 'अब्द' आला तर आधी 'वर्ष' शोधा, ते पर्यायांत नसेल तरच ढगाकडे वळा. शेपटी अर्थ सांगते, पण कोणता अर्थ मराठीत चालू आहे हे सांगत नाही.

तसाच एक घाट 'ग'चा आहे, गम् म्हणजे जाणे. ख म्हणजे आकाश, तिथून जातो तो खग, पक्षी. उर म्हणजे छाती, छातीने सरपटतो तो उरग, साप. तुर म्हणजे वेगाने, तुरग म्हणजे घोडा. मग 'नग' काय? न + ग, जो जात नाही, हलत नाही, तो डोंगर. जिथे जायला कठीण तो दुर्ग. रायगड चढताना गुडघे बोलायला लागले की ही व्युत्पत्ती पटते. मागे एका सराव पेपरात 'गटात न बसणारा शब्द' म्हणून खग, विहग, उरग, द्विज असे चार दिले होते. निम्म्या वर्गाने द्विज लिहिलं, कारण बाकी तिन्हींच्या शेवटी ग. उत्तर होतं उरग. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला, म्हणून पक्षीही : एकदा अंडं, मग पिल्लू. नुसतं दिसण्यावर गट करू नका, शेपटीचा अर्थ लावून करा.

आता माझा 'पादप'. 'प' मध्ये दोन वेगळे धातू दडलेत. एक पा म्हणजे पिणे, दुसरा पा म्हणजे राखणे. मध पितो तो मधुप, भुंगा. पायाने, म्हणजे मुळांनी पितो तो पादप, झाड. सोंडेने आणि मग तोंडाने असा दोनदा पितो तो द्विप, हत्ती (बेटाचा द्वीप दीर्घ, जपून). पण भूप म्हणजे जमीन पिणारा नव्हे, जमीन राखणारा, राजा. कोणता 'पा' घ्यायचा हे 'प'च्या आधीचा शब्द सांगतो. 'कर'चंही असंच. दिनकर, प्रभाकर करणारे आहेत, म्हणून सूर्य. रत्नाकर मात्र रत्न + आकर, आकर म्हणजे खाण, रत्नांची खाण तो समुद्र. 'आकर' मध्ये दिसत नसेल तर संधी सोडवून बघा.

विरुद्धार्थी शब्दांत बऱ्याचदा मूळ तेच राहतं आणि फक्त डोकं बदलतं. उन्नती-अवनती दोन्हींत नम्, वाकणे, एक वर आणि एक खाली. उत्कर्ष-अपकर्ष दोन्हींत ओढणे. अनुकूल-प्रतिकूल यांत कूल म्हणजे नदीचा काठ, एक काठाला धरून, दुसरा काठाच्या उलट. कृतज्ञ आणि कृतघ्न यांत मात्र डोकं तेच आणि शेपूट बदलते : ज्ञ म्हणजे जाणणारा, घ्न म्हणजे मारणारा. केलेलं जाणतो तो एक, केलेल्याचा खून पाडतो तो दुसरा. शत्रुघ्नाचा घ्न तोच.

यांत सर्वांत बेभरवशाचा उपसर्ग 'वि'. वियोग, विफल, विमल यांत तो काढून घेतो. विशुद्ध, विनम्र, विख्यात यांत उलट भर घालतो. मागे उरलेलं विशेषण असेल (शुद्ध, नम्र, ख्यात) तर बहुतेक वेळा भर, नाम असेल (फल, मल) तर बहुतेक वेळा वजाबाकी. 'बहुतेक' म्हणतोय, कारण सम हे विशेषण असूनही विषम उलटाच आहे आणि ज्ञान हे नाम असूनही विज्ञानात काही वजा झालेलं नाही. थोडक्यात, 'वि'वर विसंबू नका. 'वि'चा शब्द अनोळखी असेल तर वाक्य दिलंय का बघा.

फारसीतून आलेले बे, गैर, ना, बद हे तुलनेने प्रामाणिक. गैरहजर, नापसंत, बेजबाबदार, बदनाम यांत फसण्यासारखं काही नाही. एक बेसुमार तेवढा लक्षात ठेवा : सुमार म्हणजे मोजदाद, म्हणून बेसुमार म्हणजे मोजता न येण्याइतकं. आज सुमार म्हणजे हलक्या दर्जाचं असं आपण बोलतो, म्हणून मुलं बेसुमारचा अर्थ 'उत्तम' करून मोकळी होतात.

जिथे तोडफोड चालत नाही, तिथे ती सोडून द्यायलाही शिकलं पाहिजे. 'अनल' आणि 'अनिल' दर दोन-चार पेपरांआड भेटतात. 'अ' काढून नल उरतो, पण तो नळाचाही नाही नि दमयंतीचाही नाही. अनल अग्नी, हे पाठच करा. अनिल वारा, त्याला एक आधार आहे : अन् म्हणजे श्वास घेणे, प्राणातला 'अन' तोच. श्वास आणि वारा जोडा, उरला तो अग्नी.

त्याहून अवघड 'अपरोक्ष'. परोक्ष म्हणजे नजरेआड. अ + परोक्ष म्हणजे नजरेसमोर, प्रत्यक्ष. पण आपण सर्रास म्हणतो, 'माझ्या अपरोक्ष त्याने कागद बदलला', आणि आपल्याला म्हणायचं असतं नेमकं उलट. पेपरात हा आला तर पर्याय बघा. सहसा 'प्रत्यक्ष' आणि 'पाठीमागे' यांतला एकच असतो, तोच घ्या. दोन्ही असतील तर व्याकरणाच्या पेपरात मी मूळ अर्थ धरीन. उत्तरतालिका उलट निघाली तर शब्दकोशाच्या पानाची प्रत जोडून मुदतीत हरकत घ्यायची.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवून दाखवतो. 'अनभिज्ञ' या शब्दाचा विरुद्धार्थी निवडा : अजाण, निष्णात, अनुयायी, नवखा. शब्द माहीत नाही असं धरा. शेवटी 'ज्ञ', म्हणजे जाणणारा. त्याच्या आधी 'अभि', आणि अभिज्ञ हा जाणकारासाठीचा शब्द. सुरुवातीला 'अन्', कारण अभिज्ञ स्वराने सुरू होतो. म्हणजे न जाणणारा. आता पर्याय. अजाण तर समानार्थीच झाला, आणि असा एक समानार्थी पर्याय विरुद्धार्थीच्या प्रश्नात जवळजवळ नेहमी पेरलेला असतो. घाईत तोच उचलला जातो. नवखाही त्याच बाजूचा. अनुयायीत 'उयायी' उरत नाही, म्हणजे खरा अनु, मागून जाणारा, त्याचा इथे संबंध नाही. राहिला निष्णात. आणि तो न न्हालेला नाही हे आता तुम्हाला माहीत आहे.

चारपैकी दोनच पर्याय कापता आले तर खूण करायची का, हे जाहिरातीवर ठरवा. 2023च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 मराठीचे होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे नुकसान. लोकसेवा आयोगाच्या पेपरात चुकीला पाव गुणाचा दंड असतो. एकेका गुणाचे आठ प्रश्न डोळे मिटून मारलेत तर सरासरी दोन बरोबर, सहा चूक, हाती अर्धा गुण. त्याच आठांत दोन-दोन पर्याय कापता आले तर चार बरोबर, चार चूक, हाती तीन. शेपटी ओळखून मिळतो तो फायदा एवढा आहे.

तुमची जुनी यादी टाकू नका, तिचीच मांडणी बदला. वर्णानुक्रम मोडून शेवटच्या अक्षराप्रमाणे शब्द लिहा : 'ज'चं पान, 'द'चं पान, 'ग'चं, 'घ्न'चं. उपसर्गांसाठी वेगळी वही, त्यात प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे खरा अनु, उजवीकडे अन् + उ. डावीकडे अप, उजवीकडे अ + प. सराव पेपरात शब्द चुकला की नुसतं उत्तर लिहू नका, तुम्ही कुठे तोडलात आणि कुठे तोडायला हवं होतं ते दोन्ही लिहा. पहिली नोंद 'अनुदार'ची करा, उजवीकडच्या रकान्यात.